परीक्षेच्या किंवा इंटरव्ह्यूच्या आधी जोडीदाराला त्याच्या भाषेत धीर कसा द्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या नवऱ्याने नोकरी करता करता एक मोठी परीक्षा दोनदा दिली आणि मग तिचा इंटरव्ह्यूही दिला. पहिल्या वेळी मी जे जे बोलायला नको ते सगळं बोलले, दुसऱ्या वेळी थोडं शिकले. त्याची मातृभाषा कन्नड, माझी मराठी. हे सगळं ओळखीच्यांना सांगत गेले तसे मला प्रश्न यायला लागले, अजून येतात, आणि साधारण तेच तेच येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. यात फक्त शेवटच्या दिवसाबद्दल आहे, म्हणजे आदल्या संध्याकाळपासून तो किंवा ती घरी परत येईपर्यंत. अभ्यास कसा करायचा ते इथे नाही.

१. नक्की काय बोलू? मला शब्दच सुचत नाहीत.

तीन छोट्या गोष्टी, बस. एक, त्याने जे खरंच केलंय त्यातली तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट. दोन, आता लगेच करायचं एखादं बारीकसं काम. तीन, निकाल काहीही लागला तरी तुम्ही कुठे असणार आहात ते. उदाहरणार्थ, "गेले दोन महिने पाचला उठून बसलायस, मी बघितलंय. आता बॅग भरून ठेव आणि झोप. उद्या तू येशील तेव्हा मी घरीच आहे."

यात "तू पास होणारच" कुठेच नाहीये हे बघा. "केलंयस" हे झालेलं आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. "होशीलच" हे मात्र तुम्ही त्याच्या वतीने दिलेलं वचन होतं, आणि ते पाळायची जबाबदारी त्याच्यावर पडते. मी पहिल्या वेळी दिवसातून दहा वेळा "होणारच" म्हणत होते, आणि नंतर तो मला म्हणाला की मला पेपरपेक्षा तुझा चेहरा जास्त दिसत होता.

२. "टेन्शन घेऊ नकोस" यात काय वाईट आहे? सगळे तेच म्हणतात.

वाईट काही नाही, पण उपयोग होत नाही. छाती धडधडत असताना, तळवे ओले झालेले असताना शांत हो म्हटलं की त्या माणसाला दोन कामं लागतात, एक परीक्षेचं आणि दुसरं शांत दिसण्याचं.

ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली यावर प्रयोग छापले होते. लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. त्याआधी स्वतःला "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी एक्सायटेड आहे" म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. धडधड तीच राहते, तिला नाव दुसरं देता येतं, आणि धडधडीतून एकदम शांततेत जाण्यापेक्षा ते सोपं असतं.

आता मराठीत "मी उत्सुक आहे" असं घरात कोणी म्हणत नाही, ते निमंत्रणपत्रिकेसारखं वाटतं. पण आपल्याकडे याला छान बोलायचं वाक्य आहे: "कधी एकदा सुरू होतंय असं झालंय ना?" किंवा नुसतं "धडधडतंय ना, धडधडू दे, तयारी झाल्यावरच असं होतं." भीती नाकारलीही जात नाही आणि तिच्याबरोबर बसून राहायलाही लागत नाही.

३. आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीतच बोलतो. मग त्याच्या मातृभाषेत कशाला?

लहानपणी ज्या भाषेत आपल्याला रागावलं, कुरवाळलं, हाका मारल्या, ती भाषा अंगाला लागते. हे नुसतं भावनेपोटी म्हणत नाहीये. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द आणि वाक्यं ऐकवली आणि त्यांच्या त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजला. लहान मुलांना रागावताना बोलतात तसली वाक्यं तुर्कीत ऐकल्यावर शरीर जास्त हललं, तेच इंग्रजीत कमी.

पण नीट बघा, त्या प्रयोगात जास्त लागली ती रागावण्याची वाक्यं. म्हणजे ही सुरी दोन्हीकडून कापते. मातृभाषेतलं "ये लवकर" जितकं आत जातं तितकंच मातृभाषेतलं "अजून झोपलायस?" पण आत जातं. त्यामुळे त्या दिवशी टोमणा मारायचाच मोह झाला तर निदान इंग्रजीत मारा, आणि खरं तर मारूच नका.

एक अपवाद आहे. काही लोकांसाठी मातृभाषा म्हणजे घरातला धाक, मार्कांवरून ऐकलेली बोलणी. त्यांना प्रेमाची भाषा नंतर सापडलेली असते. अशा माणसाला त्याच्या "खऱ्या" भाषेत धीर द्यायला जाऊ नका. कोणती भाषा मऊ लागते हे त्यालाच विचारा.

४. बायकोची भाषा मला अजिबात येत नाही. किती शिकू?

तीन वाक्यं, जास्त नको. आणि ती सकाळी दारात पहिल्यांदा बोलू नका, निदान दोन आठवडे आधीपासून रोजच्या बोलण्यात वापरून जुनी करून ठेवा, म्हणजे त्या दिवशी ती "खास" वाटणार नाहीत.

ॲपवरून किंवा भाषांतर करून घेऊ नका. माझंच सांगते. मी "जा, छान कर" याचं कन्नड करायला गेले आणि "जा" साठी "होगु" शिकले. एकदा सहज म्हणून नवरा बाहेर निघताना म्हटलं, तो बुटाची नाडी बांधता बांधता थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. कारण निघणाऱ्या माणसाला नुसतं "होगु" म्हणजे आपल्याकडे दारातल्या माणसाला नुसतं "जा" म्हटल्यासारखं. आपण नाही का निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, तसंच तिकडे "होगि बा", म्हणजे जाऊन ये. हे मला सासूबाईंनी फोनवर सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की तो शाळेत निघायचा तेव्हा त्या रोज हेच म्हणायच्या. मला शब्दकोशात कधीच सापडलं नसतं.

म्हणून रीत अशी: जोडीदारालाच, किंवा त्याच्या आईला, बहिणीला, जवळच्या मित्राला विचारा की "लहानपणी परीक्षेला निघताना घरी काय म्हणायचे?" मग ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या आणि चाल ऐकून पाठ करा. माझी तीन वाक्यं ही होती: "तुंबा ओदिद्दीया" म्हणजे खूप अभ्यास केलायस, "नानु इल्ले इद्दीनि" म्हणजे मी इथेच आहे, आणि "होगि बा". प्रश्न १ मधल्या तीन गोष्टींशी साधारण जुळतात ती.

५. उच्चार चुकला तर?

चुकू दे. हसू आलं तर दोघांनीही हसा. फक्त अर्थ माहीत नसलेलं वाक्य बोलू नका, उच्चाराची चूक गोड लागते, अर्थाची नाही.

६. मी नवऱ्याला "अहो" म्हणते. अशा वेळी "तू" म्हटलं तर जास्त जवळचं वाटेल का?

रोज जे म्हणता तेच म्हणा. एरवी "अहो, ऐकलंत का" म्हणणारी बाई एकदम "तू करशील रे" म्हणाली की ऐकणाऱ्याला आधी हे कळतं की आज काहीतरी वेगळं आहे, आणि तेच आपल्याला नकोय. "अहो, सगळं घेतलंत ना, मी आहे घरी" यात माया कमी नाही. उलटही खरं आहे, रोज "ए" म्हणणाऱ्या नवऱ्याने त्या दिवशी आदराने बोलायला लागू नये. दुसरी भाषा शिकत असाल तर तिथलं "तू" आणि "तुम्ही" पण विचारून घ्या, "होगि बा" हे "तू" ला आहे, "तुम्ही" असेल तर "होगि बन्नि".

७. आदल्या दिवशी संध्याकाळपासून सकाळपर्यंत क्रमाने सांगा ना, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं?

आमच्या दुसऱ्या वेळचं जसं झालं तसं सांगते, तुम्ही तुमच्या घराप्रमाणे बदला. पेपर सकाळी दहाला होता.

आदल्या संध्याकाळी सातला मी एकच प्रश्न विचारला, "आज रात्री मी बोलत बसू की जवळ नुसती असू?" तो म्हणाला नुसती अस. हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण नाहीतर आपण आपल्याला जे हवं असतं ते देत बसतो. मग मी माझं पुस्तक घेऊन त्याच खोलीत बसले. साडेआठच्या सुमारास तो उठून फेऱ्या मारायला लागला आणि म्हणाला, "मला काहीच आठवत नाहीये." पहिल्या वेळी मी यावर "असं कसं, विचार मला, मी प्रश्न काढते" म्हणून प्रश्न काढत बसले होते आणि दोन उत्तरं चुकल्यावर रात्र गेली होती. या वेळी मी म्हटलं, "सगळ्यांना आदल्या रात्री असंच वाटतं. हॉल तिकीट, पेनं, ओळखपत्र एका जागी ठेवूया का?" आम्ही दोघांनी मिळून ठेवलं. हात कामाला लागले की डोकं थोडं हळू होतं.

साडेदहाला दिवा घालवताना मी म्हटलं, "तुंबा ओदिद्दीया." एवढंच. तो "हं" म्हणाला.

सकाळी मी मुद्दाम कमी बोलले. वेळ सांगितली नाही, कारण घड्याळ त्यालाही दिसत होतं. निघताना दारात म्हटलं, "नानु इल्ले इद्दीनि. होगि बा." खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि दार लावून आत आले. दारातून लांबपर्यंत बघत राहिले नाही, पहिल्या वेळी तसं केलं होतं आणि त्याला मागे वळून वळून बघावं लागत होतं. एकूण शब्द मोजले तर रात्री सातपासून सकाळपर्यंत धीराचे म्हणावेत असे पंधरा-वीस शब्द झाले असतील.

८. काहीच न बोलता नुसती कामं केली तर चालेल का? मला बोलता येत नाही.

चालेल, आणि बरेचदा जास्त चालेल. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक अभ्यास अगदी आपल्या विषयावर आहे. न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा देणारे लोक आणि त्यांचे जोडीदार, दोघांनी रोज डायरी भरली: आज मी आधार दिला का, आज मला आधार मिळाला का. ज्या दिवशी जोडीदार म्हणाला "दिला" पण परीक्षा देणाऱ्याच्या लक्षातच आला नाही, त्यानंतर परीक्षा देणाऱ्याची उदासी कमी दिसली. आणि आधार मिळाल्याचं जाणवलं तेव्हा उलट मन थोडं खाली गेलेलं दिसलं.

का होत असेल? आपल्याला मदत होतेय हे कळलं की आपण कमी पडतोय हेही कळतं. त्यामुळे "बघ हं, तुझ्यासाठी आज सगळं मी केलं, तू फक्त अभ्यास कर" यापेक्षा फोन सायलेंटवर टाकणं, येणाऱ्या पाहुण्यांना परस्पर पुढच्या आठवड्यात बोलावणं, आणि त्याबद्दल चकार शब्द न काढणं बरं.

पण यावरून मुकं राहायचं असं समजू नका. मॅसेल आणि गेबल यांनी २००९ साली दाखवलं की दिसणारा आधारही चालतो, अट एवढीच की समोरच्याला वाटलं पाहिजे की यांनी मला समजून घेतलंय. म्हणून शब्द थोडे आणि नेमके हवेत, प्रश्न १ मधल्यासारखे, त्याने केलेल्या खऱ्या गोष्टीचे.

९. "तू किती हुशार आहेस" हे तर म्हणू शकतो ना?

एरवी म्हणा, त्या दिवशी नको. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत शाळेतल्या मुलांना कोडी सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत केलीस" म्हटलं. मग अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर कच खायला लागली, कारण आता कोडं सुटलं नाही म्हणजे आपण हुशार नाही असा अर्थ झाला. ती मुलं होती, आपले जोडीदार मोठे आहेत हे खरं, पण पहिलाच प्रश्न अवघड आला की मोठ्या माणसाचंही तसंच होतं हे मी घरात पाहिलंय.

१०. मागच्या वेळी ती नापास झाली होती. तो विषय काढू की नको?

तुम्ही काढू नका, तिने काढला तर टाळू नका. आणि इथे मराठीतल्या बारक्या शब्दांना जपा, घोळ तेच करतात. "या वेळी तरी होईल" यातला "तरी" मागचं सगळं अपयश एका शब्दात उकरून काढतो. "येतंय ना सगळं?" यातला "ना" प्रेमाचा वाटतो पण तो प्रश्न आहे, आणि त्याला "नाही" असं उत्तर द्यायची सोय ठेवलेली नाही. "एवढं काय त्यात" मधल्या "एवढं काय" ने तिची दोन वर्षं छोटी होतात. आपण हे शब्द मुद्दाम नाही वापरत, जिभेवर बसलेले असतात, म्हणून आदल्या दिवशी एकदा स्वतःशी मोठ्याने बोलून बघा.

तिने स्वतःहून म्हटलं की "मागच्यासारखं झालं तर?" तर "नाही होणार" म्हणू नका, तुम्हाला माहीत नाहीये. "झालं तर आपण दोघं मिळून बघू. मागच्या वेळीही बघितलंच की." हे खरं आहे आणि ते तिला ऐकूनही खरं वाटतं.

११. त्याची तयारी खरंच झाली नाहीये. मग मी खोटं बोलू का?

नाही. मातृभाषेत बोललेलं खोटं तर लगेच कळतं. जे झालंय तेवढंच बोला: "तीन धडे पक्के झालेत, ते नीट लिही, बाकीचं सुचेल तसं." अभ्यास का केला नाहीस हे बोलायची वेळ पेपरच्या चार दिवसांनंतर येते, आदल्या रात्री तर नक्कीच नाही.

१२. इंटरव्ह्यू इंग्रजीत आहे. सकाळी मराठीत बोललं तर तिचं इंग्रजीचं लागलेलं वळण मोडेल का?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण विचारणाऱ्याने खरंच विचार केलेला असतो. काहींना तसं होतं. आम्ही वाटणी केली होती: उत्तरांचा सराव इंग्रजीत, आणि सराव संपला की धीराचं बोलणं आपल्या भाषेत. दोन्ही एकत्र नाही. म्हणजे इंग्रजी उत्तर देताना मध्येच "छान, असंच" असं मराठीत टाकायचं नाही, उत्तर पूर्ण होऊ द्यायचं. निघायच्या आधी अर्धा तास तिला इंग्रजीतच राहायचं असेल तर राहू द्या, तुमचं दारातलं एक वाक्य त्यात बसतं.

अजून एक, पॅनेलसमोर ऐनवेळी मन डगमगलं तर स्वतःशी बोलायला स्वतःचं नाव वापरायचं. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगांत "मी" ऐवजी स्वतःच्या नावाने स्वतःशी बोलणाऱ्यांना भाषणाच्या वेळचा ताण जास्त नीट सांभाळता आला. घरात ज्या नावाने हाक मारता त्या नावाने बोल असं आधीच सुचवून ठेवा.

१३. आम्ही लांब राहतो. मेसेज करू की कॉल?

आदल्या रात्री छोटा कॉल, सकाळी व्हॉइस नोट. वीस सेकंदांच्या आतली, आणि तिच्यात एकही प्रश्न नको, कारण प्रश्न आला की उत्तर द्यायचं ओझं आलं. शेवटी म्हणा, "उत्तर देऊ नकोस, नुसतं ऐक." आवाज आदल्या रात्रीच रेकॉर्ड करून ठेवा, सकाळी तुमचाच आवाज घाईचा येतो. पेपरच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी "ऑल द बेस्ट" चा मेसेज नको, तोवर फोन बाहेर ठेवलेला असतो किंवा नसेल तर असायला हवा. शब्द कोणते ते प्रश्न १ मध्ये आहेत.

१४. मी काही बोललो की ती चिडते.

मग थांबा. राग तुमच्यावर नाहीये, तुम्ही फक्त सगळ्यात जवळ उभे आहात. "बरं, मी बाजूच्या खोलीत आहे" म्हणा आणि खरंच बाजूच्या खोलीतच राहा, रुसून बाहेर निघून जाऊ नका.

१५. मलाच तिच्यापेक्षा जास्त भीती वाटतेय.

तर तुमची भीती तुम्ही कागदावर काढा. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ साली विद्यार्थ्यांना परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं आपल्या काळज्या लिहायला लावल्या आणि त्यांचे मार्क सुधारले. तो प्रयोग परीक्षा देणाऱ्यांवर होता, म्हणून जोडीदारालाही सुचवून बघा, जबरदस्ती नको. मी मात्र माझ्यासाठी वापरते. स्वयंपाकघरात उभं राहून सगळं लिहिते, काय काय होईल ते, कागद फाडते आणि मग बाहेर येते.

१६. ती परत आली की पहिलं काय बोलू? "कसा गेला?" विचारल्याशिवाय राहवत नाही.

पहिली पंधरा मिनिटं राहवून घ्या. चांगला गेला असेल तर ती स्वतःच चपला काढायच्या आधी सांगेल. आमच्याकडे इंटरव्ह्यूच्या दिवशी तो संध्याकाळी आला, दार उघडल्यावर मी "बंद्या?" एवढंच म्हटलं, म्हणजे आलास? तो "हूं" म्हणाला, बॅग खाली ठेवली, पाणी प्यायला, आणि पाच-दहा मिनिटांनी आपणहून म्हणाला, "दुसरा प्रश्न काय विचारला माहितीये?" मग तासभर तो बोलत होता, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, मला सगळं कळलं नाही आणि मी मध्ये विचारलंही नाही.